पंचवीस पिक्सेलांचा एक पिक्सेल

इरकल साडीचा फोटो मोबाइलवर काढला की तो छान येतो. अंगावरच्या बारीक रेघा, काठाची वीण, सगळं जिथल्या तिथे असतं. तोच फोटो दुकानाच्या वेबसाइटसाठी लहान केला की काही वेळा साडीच्या अंगावर रुंद, तिरक्या लाटा उमटतात. कापड ओलं होऊन वाळल्यावर डाग राहावेत तसं दिसतं आणि गिऱ्हाईक विचारतं, "हा माल असाच आहे का?" माल तसा नसतो. कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी मूळ फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून पाहावा. तिथे लाटा नसतील, तर त्या फोटो लहान करताना आल्या आहेत.

फोटो लहान करण्याच्या खिडकीत एक छोटी यादी असते. Bicubic, Lanczos, Area किंवा Box अशी नावं तिच्यात दिसतात. बहुतेक जण तिला हातच लावत नाहीत. साडीच्या फोटोचं बरंवाईट मात्र त्या यादीतच ठरतं.

आधी साधा हिशेब पाहू. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलांचा आहे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. वेबसाइटला ८०० बाय ६०० हवा, म्हणजे ४ लाख ८० हजार. रुंदी पाचव्या हिश्शावर आली आणि उंचीही. मूळ फोटोतला पाच बाय पाचचा चौकोन, म्हणजे पंचवीस पिक्सेल, आता एका पिक्सेलच्या जागेत बसवायचा आहे. त्या एका पिक्सेलला कोणता रंग द्यायचा हे ठरवण्याच्या रीती म्हणजे हे फिल्टर.

साडीच्या रेघा आकड्यांत मांडू. काळा रंग ० आणि पांढरा २५५ धरला, तर गडद रेघ ६० ची आणि उजळ रेघ २०० ची समजू. दोन्ही रेघा मूळ फोटोत तीन-तीन पिक्सेल रुंद आहेत. फोटो पाचव्या हिश्शावर आला की एका रेघेच्या वाट्याला जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त पिक्सेल येतो. पण एक गडद रेघ आणि तिच्या शेजारची एक उजळ रेघ दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतातच. त्यामुळे या रेघा लहान फोटोत दिसणं शक्यच नाही. दोन्हींची सरासरी, म्हणजे १३० ची एकसंध छटा, हेच इथलं बरोबर उत्तर. फिल्टर या १३० च्या किती जवळ जातो ते पाहायचं.

सगळ्यात आळशी रीत म्हणजे पंचवीसातला मधला एक पिक्सेल उचलायचा आणि बाकीचे चोवीस टाकून द्यायचे. यादीत ही Nearest या नावाने असते. नक्षी दर सहा पिक्सेलांनी पुन्हा येते आणि आपण उचलतो दर पाचवा पिक्सेल, त्यामुळे प्रत्येक वेळी आपण नक्षीत एक घर मागे सरकतो. हाती येतात तीन गडद पिक्सेल, मग तीन उजळ, पुन्हा तीन गडद. लहान फोटोत ६० आणि २०० च्या ठसठशीत पट्ट्या तयार होतात, आणि मूळ रेघांच्या मानाने त्या पाचपट रुंद असतात. साडीवर अशा पट्ट्या कुठेच नाहीत. छपाईवाले आणि छायाचित्रकार या प्रकाराला मोआरे म्हणतात, संगणकवाले ॲलिअसिंग. रेघा किंचित तिरक्या असल्या की लाटा तिरक्या येतात, आणि हातात धरून काढलेल्या फोटोत रेघा सरळ कधीच नसतात.

दुसरी रीत एरियाची. काही ठिकाणी हिला बॉक्स म्हणतात. पंचवीसही पिक्सेल घ्यायचे, सगळ्यांना सारखं वजन द्यायचं आणि सरासरी काढायची. कोणालाच टाकलं नाही, म्हणजे लाटा जायला हव्यात असं वाटतं. आपल्या रेघांवर करून पाहू. सहा पिक्सेलांच्या नक्षीतून सलग पाच घेतले की एक सुटतो. सुटलेला गडद असेल तर हाती दोन गडद आणि तीन उजळ राहतात, त्यांची सरासरी १४४. सुटलेला उजळ असेल तर तीन गडद आणि दोन उजळ, सरासरी ११६. म्हणजे लहान फोटोत तीन पिक्सेल १४४ चे, तीन ११६ चे. १४० चा फरक २८ वर आला, पण खोट्या पट्ट्या राहिल्याच. डोळ्याला २८ चा फरक सपाट कापडावर सहज दिसतो. ‘सरासरी काढली म्हणजे झालं’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण बारीक विणीच्या कापडावर तो तोकडा पडतो.

कारण सरासरीची खिडकी फार तोडून कापलेली आहे. चौकोनाच्या आतला पिक्सेल पूर्ण धरायचा आणि चौकोनाला चिकटून बाहेर असलेला अजिबात नाही. उपाय असा की खिडकी मोठी करायची आणि वजनं मध्यापासून कडेकडे हळूहळू उतरवत न्यायची. बायक्युबिक आणि लान्झोस हेच करतात. बायक्युबिक नव्या पिक्सेलच्या मापाने दोन्ही बाजूंना दोन-दोन घरं पाहतो. आपल्या हिशेबात ती मूळ फोटोतली दहा-दहा पिक्सेल झाली. लान्झोसचा नेहमीचा प्रकार तीन-तीन घरं पाहतो, म्हणजे पंधरा-पंधरा पिक्सेल. मध्यातल्यांना मोठं वजन मिळतं, आणि दुसऱ्या घरातल्यांना चक्क उणे वजन, म्हणजे त्यांचा थोडा अंश वजा केला जातो. या वजाबाकीचा फायदा पुढे येईल आणि तोटाही.

आपल्या रेघांवर बायक्युबिक लावला की आकडे १२९ ते १३१ मध्ये येतात. लान्झोस लावला की पूर्णांकात सगळीकडे १३०. पट्ट्या गेल्या आणि कापड एकसंध दिसू लागलं.

ही नावं आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. कोर्नेलिअस लान्झोस हा १८९३ साली हंगेरीत जन्मलेला गणिती, १९२८-२९ मध्ये बर्लिनला आइन्स्टाइनचा सहायक होता. फोटोंशी त्याचा काही संबंध नव्हता. लांबलचक गणिती मालिका मध्येच तोडली की जे तरंग उठतात, ते शमवायची युक्ती त्याने दिली होती. तिचा फिल्टर म्हणून उपयोग क्लॉड डुशाँ यांनी १९७९ साली हवामानशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडला आणि पुढे चित्रांचं काम करणाऱ्यांनी तो उचलला. बायक्युबिकची आज चालणारी मांडणी रॉबर्ट कीज यांच्या १९८१ च्या लेखातली.

लाटा घालवणं हे अर्धं काम झालं. जे तपशील लहान फोटोत मावतात, ते धारदार राहिले पाहिजेत. समजा काठावरच्या नक्षीत दर पंधरा पिक्सेलांनी गडद-उजळ येतं. लहान फोटोत ते दर तीन पिक्सेलांनी येईल, म्हणजे मावेल, पण जेमतेम. अशा नक्षीचा मूळ उठाव शंभर धरला तर लान्झोस त्यातले ९५ राखतो. बायक्युबिक ८४ आणि एरिया ८३. बायक्युबिक आणि एरियात इथे जवळजवळ फरकच नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, कारण ‘एरिया मऊ, बायक्युबिक धारदार’ असा समज पसरलेला आहे. दोघांतला खरा फरक धारेत नाही, तो खोट्या पट्ट्या दाबण्यात आहे. धारेत पुढे आहे तो एकटा लान्झोस. साडी, केसांच्या बटा, झाडांची पानं, दगडी भिंत असे फोटो असतील तर मी डोळे झाकून लान्झोस निवडतो.

जुन्या मासिकाचं स्कॅन केलेलं पान लहान करताना मात्र मी असं करत नाही. कागद पिवळसर, त्याचा उजळपणा २२० धरू. शाई ४० ची. अक्षराची कड म्हणजे ४० वरून एकदम २२० वर उडी, १८० चा फरक. आता उणे वजनं आठवा. कडेपासून साधारण एक घर दूर असलेला कागदाचा पिक्सेल शेजारच्या गडद शाईचा थोडा अंश स्वतःतून वजा करतो, आणि गडद वजा केलं की उत्तर कागदापेक्षाही उजळ येतं. लान्झोसमध्ये ही जास्तीची उडी कडेच्या फरकाच्या ७ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या पानावर ती होते १२-१३. म्हणजे २२० च्या कागदावर अक्षराभोवती २३२-२३३ ची फिकट किनार उमटते, आणि तिच्या बाहेर एक अगदी पुसट गडद किनार. शिरोरेघेवर हे चटकन डोळ्यांत भरतं, कारण ती लांब आणि सरळ असते, त्यामुळे किनारही तिच्या वर ओळभर सलग धावते. बायक्युबिकमध्ये हीच उडी सुमारे ४ टक्के, म्हणजे ७ च्या आसपास. एरियात शून्य. सरासरी कधीच सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे एरियाच्या पानावर किनार येणं शक्यच नसतं.

कागद शुभ्र, म्हणजे थेट २५५ चा असेल, तर उजळ किनार दिसत नाही, कारण २५५ च्या वर जायला जागाच नाही. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर चाचणी घेऊन ‘लान्झोसला किनार येत नाही’ असं ठरवणारे फसतात. रंगीत पार्श्वभूमीवरचं अक्षर, निळ्या आभाळापुढची विजेची तार, संगणकाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट, नकाशा, व्यंगचित्र, अशा ठिकाणी किनार उघडी पडते. तिथे एरिया घ्यावा, विशेषतः आकार बरोबर निम्मा, तिसरा किंवा चौथा हिस्सा होत असेल तेव्हा. लहान झाल्यावर थोडा मऊपणा वाटला तर नंतर हलकं शार्पन करता येतं. लान्झोसवर वरून शार्पन करणं मात्र टाळावं. तीच किनार आणखी जाड होते आणि जेपीईजीची फाइलही उगाच वाढते.

मग बायक्युबिक कशासाठी? लाटा तो बहुतेक दाबतो आणि किनार लान्झोसच्या निम्म्याहून थोडी जास्त देतो. एकाच फोटोत कापडही आहे आणि खाली रंगीत पट्टीवर दुकानाचं नावही आहे, अशा वेळी तो बरा. फोटोशॉपमध्ये लान्झोस यादीत नाही. तिथे लहान करण्यासाठी Bicubic Sharper असतो, पण तो नावाप्रमाणे धार वाढवतो, त्यामुळे अक्षरांच्या पानावर तो जपून वापरावा.

आता एक खड्डा, ज्यात प्रोग्रॅम लिहिणारेही नेमाने पडतात. आत्तापर्यंतचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता. फोटो पाचव्या हिश्शावर येतो तेव्हा फिल्टरची खिडकीही पाचपट मोठी होते. पिलो, इमेजमॅजिक ही साधनं तशी ती करतात. ओपनसीव्ही हे फार लोकप्रिय साधन बायक्युबिक आणि लान्झोससाठी ती करत नाही. फोटो कितीही लहान करा, त्याचा INTER_CUBIC मूळ फोटोतल्या चार बाय चार पिक्सेलांपुरतंच पाहतो आणि INTER_LANCZOS4 आठ बाय आठ. पाचव्या हिश्शाच्या कामात तर याची कमालच होते. नव्या पिक्सेलचा मध्य मूळ फोटोतल्या एका पिक्सेलच्या मध्यावर नेमका पडतो. तिथे या दोन्ही फिल्टरांचं वजन त्या एका पिक्सेलला पूर्ण १ आणि बाकी सगळ्यांना शून्य असतं. म्हणजे नाव लान्झोस आणि काम पंचवीसातला एक उचलायचं. साडीवर ६० आणि २०० च्या पट्ट्या जशाच्या तशा. ओपनसीव्हीत लहान करायचं असेल तर INTER_AREA च घ्यावा, कारण मूळ चौकोनातले सगळे पिक्सेल खरोखर मोजणारा तिथला फिल्टर तोच. ‘लान्झोसपेक्षा एरिया धारदार दिसतो’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर आधी साधन कोणतं ते विचारावं.

आपल्या हातातलं साधन कसं वागतं हे पाहायला वरच्याच रेघा पुरतात. पायथन आणि पिलो असेल तर हे चालवून पाहा.

```python
import numpy as np
from PIL import Image

row = np.tile([60, 60, 60, 200, 200, 200], 100).astype("uint8")
img = Image.fromarray(np.tile(row, (600, 1)))
for f in ("NEAREST", "BOX", "BICUBIC", "LANCZOS"):
    out = img.resize((120, 120), Image.Resampling[f])
    print(f, np.asarray(out)[60, 40:46])
```

पहिल्या ओळीत ६० आणि २००, दुसरीत ११६ आणि १४४, तिसरीत १२९ ते १३१ आणि चौथीत नुसते १३० दिसतील. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसेल तर हाच ६०० पिक्सेलांचा रेघांचा चौकोन एखाद्याकडून फाइल म्हणून घ्यावा आणि आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये १२० वर आणून पाहावा. पट्ट्या उमटल्या तर त्या सॉफ्टवेअरवर साड्या सोपवू नयेत.

खऱ्या फोटोत शंका आली तर दुसरी परीक्षा आहे. ८०० ऐवजी ७८० रुंदीचा फोटो काढायचा. कापडावरची खरी घडी किंवा सुरकुती होती तिथेच राहते. खोट्या लाटांची रुंदी आणि दिशा मात्र बदलते. पाहताना फोटो शंभर टक्क्यांवरच हवा. ‘खिडकीत मावेल एवढा’ असं ठेवलं की दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतःच फोटो आणखी एकदा लहान करतं, आणि दिसणारा दोष आपल्या फाइलचा की त्या सॉफ्टवेअरचा हे कळत नाही.

राहिला रंग. रेघांची सरासरी १३० हे आपण बरोबर उत्तर धरलं, पण ते आकड्यांपुरतं बरोबर आहे. फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात साठवलेले नसतात. २०० च्या रेघेतून येणारा प्रकाश ६० च्या रेघेच्या साधारण तेरापट असतो. दुरून पाहताना डोळा प्रकाश एकत्र करतो, आणि तो हिशेब मांडला तर उत्तर १५१ च्या आसपास येतं. बहुतेक सॉफ्टवेअर १३० देतात, म्हणून बारीक रेघांची साडी लहान फोटोत हातातल्यापेक्षा किंचित काळपट दिसते. साध्या रंगाच्या साडीला हा फरक पडत नाही. इमेजमॅजिकमध्ये आधी प्रकाशाच्या प्रमाणात जाऊन, लहान करून, पुन्हा परत येता येतं.

```
magick saree.jpg -colorspace RGB -filter Lanczos -resize 800x600 -colorspace sRGB small.jpg
```

यात -filter Lanczos च्या जागी Catrom लिहिलं की कीज यांचा बायक्युबिक मिळतो, Box लिहिलं की एरिया. मात्र या मार्गाने गेल्यावर गडद बाजूची किनार नेहमीपेक्षा ठळक होते. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं किंवा जरीची बुट्टी असेल तर हीच आज्ञा Lanczos आणि Catrom दोन्ही घालून चालवावी आणि शेजारी शेजारी ठेवून निवड करावी.

आणि फोटो नेहमी मूळ फाइलवरूनच लहान करावा. आधी २०००, मग १२००, मग ८०० असं टप्प्याटप्प्याने आणलं तर प्रत्येक टप्प्यावर थोडी धार जाते आणि प्रत्येक किनारीवर नवी किनार चढते. शेवटचा टप्पा वेबसाइटच्या हाती राहू नये म्हणून ती फोटो किती पिक्सेल रुंद दाखवते हे आधी विचारून घ्यावं आणि नेमक्या त्याच मापाची फाइल द्यावी. ८०० चा फोटो तिथे ७६० मध्ये बसवला गेला, तर आपण घालवलेल्या लाटा कोणत्या फिल्टरने परत आणल्या याचा पत्ताही लागत नाही.